रक्तवाढीची लाल गोळी: पोट साफ न होणं, काळी संडास आणि राहून गेलेल्या गोळ्या यांवर गरोदर बाईशी कसं बोलायचं

हा लेख आशाताईंसाठी, नव्याने रुजू झालेल्या आरोग्य सेविकांसाठी आणि घरात गरोदर बाई असलेल्या प्रत्येकासाठी आहे. मी नाशिक जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून काम करते. माझं बरंचसं काम दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यात झालं. तिथे सुरगाणा-पेठकडून बागेच्या कामाला आलेली कुटुंबंही असतात. घरभेटीला गेलं की फडताळात, पिठाच्या डब्यामागे, उशीखाली लाल गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडतात. त्या बाईला विचारलं तर ती म्हणते, "घेते ना रोज."

ती खोटारडी नसते. आपण समजावतानाचा क्रम चुकवलेला असतो. आधी गोळ्या हातात देतो, मग "बाळासाठी चांगल्या असतात" म्हणतो. पोट बिघडतं आणि संडास काळी होते हे सांगतच नाही, किंवा ती घाबरून आल्यावर सांगतो. तोवर गोळी बंद झालेली असते. म्हणून खाली प्रत्येक गोष्ट ज्या क्रमाने बोलायची त्याच क्रमाने लिहिली आहे.

## १. बोलायला बसण्याआधी

आधी माता बाल संरक्षण कार्ड उघडा आणि दोन गोष्टी बघा: किती आठवडे झाले आणि हिमोग्लोबिन किती आहे.

बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत फक्त फॉलिक ॲसिडची गोळी असते. लाल गोळी त्यानंतर सुरू होते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हिमोग्लोबिन 11 किंवा त्याहून जास्त असेल तर रोज एक गोळी, आणि गरोदरपणात किमान 180 दिवस. 7 ते 10.9 च्या दरम्यान असेल तर रोज दोन गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी. 7 च्या खाली असेल तर गोळ्यांवर समजावत बसू नका. तिला त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. 5 च्या खाली किंवा शेवटच्या तीन महिन्यांत 7 च्या खाली असेल तर दाखलच करावं लागतं.

मग ती आणखी कोणत्या गोळ्या घेते ते विचारा. "दुसरी औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "पिशवी दाखवा बरं" म्हटलं की कॅल्शियम, थायरॉइडची गोळी, मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी असं सगळं बाहेर येतं. या तिन्हींनी लोहाचं शोषण कमी होतं किंवा त्यांचं स्वतःचं काम बिघडतं.

बोलताना ती एकटी असेल असं बघा. सासूबाई शेजारी असल्या तर पोट साफ होण्याबद्दल बाई बोलत नाही. "मावशी, जरा पाणी देता का?" एवढं म्हटलं तरी दोन मिनिटं मिळतात. सासूबाईंशी बोलायचंच आहे, पण नंतर.

थांबा: सिकलसेलची चाचणी झाली आहे का? आदिवासी भागातून आलेल्या बाईच्या बाबतीत हे विसरू नका. सिकलसेलचा आजार असेल तर लोहाची गोळी द्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टर ठरवतील.

## २. आधी तिचा दिवस ऐका, मग गोळीची वेळ ठरवा

"रात्री जेवणानंतर घ्या" हे छापील वाक्य सगळ्यांना सांगून चालत नाही. तिला विचारा: उठता किती वाजता, पहिला चहा कधी, बागेत चहा कधी येतो, जेवण कधी, झोपता कधी? हे पाच प्रश्न विचारले की वेळ आपोआप दिसते.

गोळीच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी नको. चहातल्या घटकांशी लोह बांधलं जातं आणि रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. आपल्याकडे हीच मोठी अडचण आहे. बाई सकाळच्या चहाबरोबरच गोळी गिळते, कारण चहा झाला की लगेच कामाची गाडी येते. ती इमानदारीने रोज गोळी घेते आणि तिचं हिमोग्लोबिन मात्र हलत नाही.

कॅल्शियम आणि लाल गोळी यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यायचं आणि लाल गोळी जेवणाबरोबर नाही. एवढं एक वाक्य तिच्या डोक्यात बसलं तरी बरंच साधतं. थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. ती सहसा पहाटे उपाशीपोटी घेतात, म्हणून लाल गोळी रात्री घेतलेली सोयीची.

रोज एक गोळी असेल तर रात्रीच्या जेवणानंतर तासा-दीड तासाने, झोपताना. त्या वेळी मळमळ झाली तरी झोपेत निघून जाते. गोळी पाण्याबरोबरच घ्यायची. लिंबू पिळलेलं पाणी असेल तर आणखी चांगलं, दूध नको. उपाशीपोटी शोषण जास्त होतं हे खरं, पण उपाशीपोटी घेऊन उलटी झाली तर ती दुसऱ्या दिवशी गोळी घेणार नाही. थोडं शोषण कमी झालेलं चालेल, गोळी बंद पडलेली चालणार नाही.

दोन गोळ्या असतील तर एकदम घेऊ नयेत. दोन वेगळ्या वेळा ठरवा. एकदम घेतल्याने मळमळ आणि बद्धकोष्ठ दोन्ही वाढतात.

मग गोळी तिच्या रोजच्या एखाद्या कामाला बांधा: "भांडी घासून पालथी घातली की गोळी", "मोबाईल चार्जिंगला लावला की गोळी". घड्याळातली वेळ पाळली जात नाही, काम मात्र रोज होतंच.

तपासा: "आता तुम्ही मला सांगा, कोणती गोळी कधी घ्यायची?" तिने तिच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसती मान हलवली म्हणजे कळलं असं नाही.

## ३. काळ्या संडासबद्दल पहिल्याच दिवशी सांगा

हे सांगायला दुसऱ्या भेटीपर्यंत थांबू नका. गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रंग बदलतो आणि तुमची पुढची भेट महिन्याने असते. मधल्या काळात तिला जो सल्ला मिळतो तो शेजारणीचा असतो: "गरम पडली, बंद कर."

मी असं सांगते: "ताई, या गोळीने संडास काळी किंवा काळपट हिरवी होईल. गोळीतलं थोडं लोह अंगी लागतं, उरलेलं पोटातून बाहेर पडतं. त्याचा रंग काळा असतो. गोळी बंद केली की रंग परत पहिल्यासारखा होतो. त्याने तुम्हाला काही होत नाही आणि बाळाला तर अजिबात नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. काळी संडास बघून "बाळ काळं होईल" ही भीती पुष्कळ घरांत असते आणि ती कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही. आपणच विषय काढायचा. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो, गोळीतून येत नाही, हे सासूबाईंसमोरही सांगा.

कोणता काळा रंग धोक्याचा, हेही त्याच वेळी सांगायला हवं. गोळीमुळे होणारी संडास काळी असली तरी नेहमीसारखी बांधलेली असते. डांबरासारखी चकचकीत, चिकट, पातळसर आणि वेगळाच उग्र वास येणारी असेल, सोबत चक्कर, पोटात जोराचं दुखणं किंवा उलटीत रक्त असेल, तर ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. लगेच दवाखान्यात जायचं. लाल रक्त दिसलं तर ते गोळीमुळे नसतं. बहुतेकदा मूळव्याध किंवा चीर असते, पण डॉक्टरांनी बघायला हवं.

चूक टाळा: "संडास काळी होत नाही म्हणजे तुम्ही गोळ्या घेत नाही" असा आरोप करू नका. अंधाऱ्या संडासात किंवा शेतात गेलेल्या बाईला रंग दिसतोच असं नाही, आणि प्रत्येकीचा रंग सारखा बदलत नाही.

## ४. पोट साफ होत नाही

गोळी बंद पडायला सगळ्यात जास्त हेच कारण असतं. गरोदरपणात आतड्यांची हालचाल मुळातच मंदावलेली असते, त्यात लोहाची भर पडते. "पाणी जास्त प्या, पालेभाजी खा" हे आपण सांगतो, तिला ते आधीच माहीत असतं. ती पाणी का पीत नाही ते आपण विचारत नाही.

द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका ताईने मला हे शिकवलं. मी तिसऱ्यांदा पाण्याचं सांगितलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "सिस्टर, पाणी पिलं की लघवीला जावं लागतं. बागेत आडोसा कुठंय? सगळीकडं गडीमाणसं." ती सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत जेमतेम अर्धी बाटली पाणी पीत होती. सकाळी संडासची भावना व्हायची तेव्हा डबे करायची घाई, मग गाडी. दाबून ठेवलेलं पुढे कडक होत जायचं. अशा बाईला भाजीची यादी देऊन काय उपयोग?

तिच्यासाठी पाण्याच्या वेळा घरातल्या तासांत बसवल्या. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंत चार ग्लास. बागेत दुपारच्या जेवणाबरोबर दोन ग्लास, आणि त्यानंतर सोबतच्या दोघी-तिघींनी मिळून एकत्र जायचं ठरवलं. एक बाई साडी धरून उभी राहायची. दिवसाला आठेक ग्लास झाले. सकाळी पाऊण तास लवकर उठून, पाणी पिऊन थोडं चालून, घाई नसताना संडासला बसायचं. ही एक सवय लागली तरी निम्मं दुखणं कमी होतं.

खाण्यात नवं काही आणायला सांगू नका, घरात असतं तेच वाढवा. गव्हाच्या पोळीऐवजी एका वेळी बाजरीची किंवा नागलीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, मेथी, शेपू, दुधी, हंगामात पेरू. पेरूने पोटही साफ होतं आणि त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषणही वाढतं.

आठवडाभर हे करूनही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घेता येतं. ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचं आणि लाल गोळीपासून दोन तास दूर ठेवायचं. डॉक्टर संडास मऊ करणारं पातळ औषध देतात, किंवा लोहाचा प्रकार बदलतात. गोळी अजिबातच सोसत नसेल तर शिरेतून लोह देण्याचा निर्णयही तेच घेतात. म्हणजे पुढे मार्ग आहेत. हे तिला सांगा, म्हणजे ती स्वतःच्या मनाने बंद करणार नाही.

सावध: एरंडेल तेल, सोनामुखीचं चूर्ण, घरगुती जुलाब गरोदरपणात आपल्या मनाने नकोत. एरंडेलाने गर्भपिशवीला कळा सुरू होऊ शकतात.

सावध: सात-आठ महिन्यांची बाई "पोट दुखतंय, संडासला लागल्यासारखं होतंय पण होत नाही" म्हणाली तर लगेच बद्धकोष्ठ म्हणून सोडून देऊ नका. पोटावर हात ठेवून बघा. थांबून थांबून पोट कडक होत असेल, कंबर दुखत असेल, अंगावर पाणी किंवा रक्त जात असेल तर त्या वेळेआधीच्या बाळंतकळा असू शकतात. तिला तसंच दवाखान्यात न्या.

## ५. राहून गेलेल्या गोळ्या

"गोळ्या घेता ना?" या प्रश्नाचं उत्तर "हो" सोडून दुसरं येतच नाही. असं विचारा: "कामाच्या गडबडीत गोळी राहून जातेच. गेल्या सात दिवसांत किती वेळा राहिली?" राहणं गृहीत धरलं की बाई मोकळी होते. मग पट्ट्या मागवा आणि तिच्यासमोर मोजा, पण हिशेब तपासायला आल्यासारखं नको. मी म्हणते, "बघू, पुढच्या महिन्याला पुरतील का?"

चुकलेल्या गोळीचे नियम थोडे आहेत. त्याच दिवशी आठवलं तर आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्यायची, आजची तेवढी घ्यायची. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. आठवडाभर राहिल्या तरी ज्या दिवशी आठवलं त्या दिवसापासून नेहमीप्रमाणे सुरू करायच्या, आणि तेवढे दिवस पुढे वाढवायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी मूठभर गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन वाढत नाही, उलट विषबाधा होऊ शकते. असं करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे स्पष्ट बोलून सांगा.

दोन गोळ्यांचा डोस असलेल्या बाईचा इथे गोंधळ होतो. "दोन घ्यायच्या" आणि "दोन एकदम घ्यायच्या नाहीत" ही दोन्ही वाक्यं ती ऐकते. संध्याकाळची राहिली तर रात्रीची एकच घ्यायची, हे उदाहरण देऊन सांगा.

आता कारण शोधा, कारण उपाय कारणागणिक बदलतो. गोळीने उपास मोडतो असं समजून नवरात्रात वणीच्या देवीचे नऊ दिवस बंद ठेवणाऱ्या बायका आहेत. तिथे घरातल्या मोठ्या बाईच्या तोंडून "औषधाने उपास मोडत नाही" हे येणं गरजेचं असतं. गोळी घेतल्यावर उलटी होत असेल तर वेळ बदला. गोळ्या संपल्या आणि आशाताई आल्याच नाहीत असं असेल तर ती चूक आपली आहे, तिची नाही.

सावध: लाल, गोड आवरणाची गोळी लहान मुलाला चॉकलेटसारखी वाटते. लहान मुलाने थोड्या गोळ्या खाल्ल्या तरी जिवावर बेतू शकतं. पट्टी पदराच्या गाठीत किंवा खाली ताटलीत नको, उंच फळीवर झाकणाच्या डब्यात ठेवायची. मुलाने खाल्लीच तर उलटीची वाट न बघता पट्टी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठायचं.

## ६. महिन्याने हिमोग्लोबिन, पण आधी गोळ्या मोजा

द्राक्षबागेतल्या त्याच ताईचा हिशेब सांगते. वीस आठवडे, हिमोग्लोबिन 9.6. रोज दोन प्रमाणे 60 गोळ्या दिल्या. महिन्याने तपासलं तर 9.7.

नियम असा की महिनाभर दोन गोळ्या नीट घेऊन हिमोग्लोबिन किमान 1 ग्रॅम वाढलं नाही तर पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. मी चिठ्ठी लिहायला घेतली होती. मग पिशवी मागितली. 38 गोळ्या शिल्लक होत्या. म्हणजे महिन्यात 60 पैकी 22 घेतल्या, त्याही दोन्ही एकदम, सकाळच्या चहाबरोबर. पहिल्या आठवड्यात पोट कडक झालं, संडास काळी झाली, तेव्हापासून ती एकाआड दिवस, मग आठवेल तेव्हा घेत होती. गोळी लागू पडत नव्हती असं म्हणायला ती पोटात तर जायला हवी होती.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे सांगितलं. त्यांनी अजून एक महिना गोळ्यांवरच ठेवायचं ठरवलं. तिचा दिवस कागदावर मांडला. कॅल्शियम सकाळच्या भाकरीबरोबर आणि दुपारच्या डब्याबरोबर. साडेपाचला घरी येऊन हातपाय धुतले की पहिली लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा पावणेसातला. यावर तिने जरा कुरकुर केली, कारण दिवसभर वाट बघितलेला तो चहा असतो. पण ती तयार झाली. रात्री आठला जेवण, दहाला भांडी आवरून दुसरी लाल गोळी. जंतांची अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी राहिली होती, ती दुसऱ्या तिमाहीत एकदाच द्यायची असते, तीही दिली. दहा दिवसांनी फोन केला तेव्हा पोट साफ होऊ लागलं होतं.

पुढच्या महिन्यात 60 पैकी 6 उरल्या आणि हिमोग्लोबिन 10.8 झालं.

तपासा: गोळ्या खरोखर संपल्या आहेत, चहा-कॅल्शियमचं अंतर पाळलं आहे आणि तरीही 1 ग्रॅम वाढ नाही, तर वाट बघू नका. मग कारण वेगळं असतं: सिकलसेल, थॅलेसेमिया, बी-12 ची कमतरता, कुठून तरी रक्त जाणं. त्यावर लाल गोळी वाढवून उपयोग नाही. त्या चिठ्ठीवर "60 पैकी इतक्या घेतल्या" असं लिहून पाठवा, पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

## ७. माहेरी जाताना

सातव्या महिन्यात ओटीभरण होतं आणि ती माहेरी जाते. पिशवीत साड्या, फळं, सगळं जातं, गोळ्या सासरच्या फळीवर राहतात. तिथली आशाताई तिला ओळखत नाही. शेवटचे दोन-तीन महिने असे कोरडे जातात.

ओटीभरणाची तारीख आधी विचारून ठेवा. निघण्याच्या आठवड्यात जा आणि बाळंतपणापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मोजून द्या. नव्वद दिवस राहिले असतील तर एक गोळीच्या हिशेबाने 90, दोनच्या हिशेबाने 180. पट्ट्या माता बाल संरक्षण कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा, कारण ते कार्ड ती विसरत नाही. कार्डावर गोळीची वेळ आणि शेवटचं हिमोग्लोबिन लिहा. माहेरच्या गावच्या आशाताईचा नंबर मिळवून तिच्यासमोरच फोन लावा, दोघींचं बोलणं करून द्या. तिच्या आईला फोनवरच काळ्या संडासबद्दल सांगा, नाहीतर तिकडे पुन्हा पहिल्यापासून "गरम पडली" सुरू होईल.

बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज एक गोळी आहे. ती दूध पाजत असली तरी चालते. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्या मिळाल्या का, हे पहिल्या घरभेटीत पिशवी उघडूनच बघा.